झोपवून काढलेले सतरा अंश

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. दोनदा झाला. पहिला, ती सातवीत असताना, दिवाळीची सुट्टी लागली त्या शनिवारी दुपारी साडेबाराला, इंदिरानगरातल्या एका एक्स-रे सेंटरमध्ये. दुसरा, त्यानंतर सहा महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, आमच्याच स्वयंपाकघरात. पहिला करणाऱ्यांची नावं मला माहीत नाहीत. दुसरा मी केला.

मी पत्रकं लिहिते. आमचा आरोग्य हक्कांचा छोटा गट आहे, सात-आठ जणांचा. सिव्हिलच्या फाटकावर, कॉलेजांबाहेर, सिन्नर फाट्यावर आम्ही पत्रकं वाटतो. अनावश्यक तपासण्या, डॉक्टरांचं कमिशन, न मिळणारी बिलं, हे माझे विषय. मला ओळीच्या शेवटी कुणावर तरी बोट रोखायची सवय आहे. ही सवय चांगली आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

बहिणीच्या पाठीचा बाक आईला दिसला. आई घरीच शिवणकाम करते. शाळेचा नवा स्कर्ट तिला घालून बघताना खालची शिवण एका बाजूने वर जायची. आईने उसवून दोनदा शिवला. तिसऱ्यांदा तिने स्कर्ट बाजूला ठेवला, पोरीला पाठमोरी उभी केली आणि वाकायला सांगितलं. उजवीकडची फासळी डावीपेक्षा वर आलेली होती. आईने मला हाक मारली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. वडील सिन्नरच्या एमआयडीसीत पाळीवर होते. मी म्हणाले, दप्तर एका खांद्यावर घेते ना, त्याने होतं. दप्तराने असलं काही होत नाही हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फार ठामपणे बोलले होते.

हाडाच्या डॉक्टरांनी पूर्ण मणक्याचा एक्स-रे लिहून दिला. चिठ्ठीवर 'उभं राहून' असा शब्द होता. तो होता, हे मी नंतर वाचलं. सेंटरमध्ये त्या दिवशी सुट्टीमुळे गर्दी होती. बहिणीला आत नेलं, आम्हाला बाहेर बसवलं. दहा मिनिटांत ती बाहेर आली आणि हात काखेत घालून बसली. संध्याकाळी अहवाल मिळाला. पाठीच्या मणक्याला उजवीकडे सौम्य बाक, सतरा अंश. एवढंच. कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत मोजले, उभी होती की आडवी, एक अक्षर नाही.

डॉक्टरांनी अहवाल बघितला. वीसच्या आत आहे, पट्टा नको, ऑपरेशन नको, पण मुलगी वाढीची आहे, सहा महिन्यांनी पुन्हा काढा, असं म्हणाले. फिल्म त्यांनी पाकिटातून अर्धी बाहेर काढली आणि परत आत सरकवली.

सहा महिने गेले. त्या रविवारी आई भाकऱ्या थापत होती आणि तिने विषय काढला. पोरीचा एक्स-रे राहिलाय. मी ओट्याशी उभी राहून नव्या पत्रकाची प्रूफं तपासत होते. विषय अनावश्यक तपासण्यांचा. आईला मी तेच पत्रक वाचून दाखवल्यासारखं बोलले. सतरा अंशाला काय पुन्हा एक्स-रे? त्यांना सेंटरकडून काय मिळतं ते मला माहितीये. आणि पोरीच्या अंगावर उगाच किरणं का सोडायची?

आई म्हणाली, "डॉक्टर म्हणले होते ना पण. सहा महिने म्हणले होते."

"आई, ते सगळ्यांना सहा महिनेच म्हणतात."

माझ्याकडे त्या डॉक्टरांविरुद्ध एक कागद नव्हता. एकही तक्रार नव्हती. मी त्यांना ओळखतही नव्हते. पण मी शिकलेली, मी बोलणारी, आणि घरात माझा शब्द चालायचा. आईने तवा उतरवला आणि विषय संपला. बहीण आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तिला कुणी विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यानंतर ती भराभर वाढली. सलवारी आखूड पडल्या. पावसाळ्यात तिची पाळी सुरू झाली. आई नवे कपडे शिवत होती आणि प्रत्येक कपड्याला उजवीकडे थोडं जास्त कापड सोडत होती, न बोलता. हे मी बघत होते. मला वाटायचं, आईचा हात तसाच बसलाय.

पुन्हा दिवाळी आली तेव्हा बाक बघायला कुणाला वाकवावं लागत नव्हतं. या वेळी आम्ही मणक्याचंच काम करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो, शहरातल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात. एक्स-रे काढणारी बाई माझ्याच वयाची होती. तिने बहिणीला गाऊन दिला, अनवाणी उभं केलं, तोंड प्लेटकडे, पाठ मशीनकडे. छातीवर किरणं कमी पडावीत म्हणून अशी उभी करतात, असं तिने आपणहून सांगितलं. दोन्ही पायांवर सारखा भार दे, टाच उचलू नको, कमरेचं हाडही यायला पाहिजे. मला ती बाई फार आवडली. अनावश्यक किरणांवर मी चार पत्रकं लिहिली होती आणि पाठमोरं उभं करतात ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. हाताखाली एक तरुण डॉक्टर शिकत होता, म्हणून त्यांनी संगणक बाजूला ठेवून पेन्सिल आणि कोनमापक घेतलं. आम्ही तिघी मागे उभ्या. बाकाच्या वरच्या टोकाला सगळ्यात जास्त कललेला मणका कुठला, ते आधी शोधलं. बरगड्या मोजत त्यांनी पाचवा धरला आणि त्याच्या वरच्या कडेने एक रेघ मारली. मग खाली, उलट्या बाजूला सगळ्यात जास्त कललेला. तो बारावा. त्याच्या खालच्या कडेने दुसरी रेघ. या दोन रेघा फिल्मच्या पार बाहेर जाऊन मिळाल्या असत्या, म्हणून प्रत्येक रेघेवर एकेक लंब काढला. ते लंब एकमेकांना छेदले तिथे कोनमापक ठेवलं.

बेचाळीस.

बहीण आठवीत होती. तिच्या कंपास पेटीत तसंच कोनमापक होतं. ती पुढे होऊन बघायला लागली, बरोबर मोजलं का ते बघावं तसं.

मग डॉक्टरांनी कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर पेन्सिल टेकवली. तिथे हाडाची एक पातळ टोपी हळूहळू चढते, ती किती चढली त्यावरून वाढ किती उरली ते कळतं. हिची नुकती सुरू झाली होती. म्हणजे वाढ भरपूर बाकी. एरवी ही गोष्ट कुठल्याही पोरीच्या आईला सांगितली असती तर तिला आनंद झाला असता. इथे ती वाईट बातमी होती. जेवढी वाढ बाकी, तेवढा बाकाला वाव बाकी.

त्यांनी जुनी फिल्म मागितली. आईने पाकीट दिलं. जुनी फिल्म नव्या फिल्मशेजारी लावून त्यांनी तेच दोन मणके धरले, त्याच रेघा मारल्या. त्यांना अठरा भरले, अहवालातल्या सतराच्या जवळच. मला एकदम बळ आलं. म्हणजे मोजणाऱ्याने चूक केली नव्हती. म्हणजे वर्षभरात खरंच एवढा वाढला, कुणाचा दोष नाही.

पण ते फिल्मच्या डाव्या बाजूला, पोटाच्या जागी बघत राहिले. नव्या फिल्मवर तिथे हवेचा एक काळा बुडबुडा होता आणि त्याच्या खाली पाण्याच्या पातळीसारखी सरळ रेघ. उभ्या माणसाच्या पोटात अशी रेघ दिसते. जुन्या फिल्मवर ती नव्हती. त्यांनी वळून बहिणीला विचारलं.

"बाळा, तो एक्स-रे काढताना तू उभी होतीस?"

"नाही. झोपवलं होतं. टेबल गार होतं."

असं ती म्हणाली, साध्या आवाजात. वर्षभर तिला हे माहीत होतं. आम्हाला विचारायचं सुचलं नव्हतं आणि सांगायला हवं हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तिने इतकंच पुढे सांगितलं की तिथल्या काकांनी उभं राहायचा स्टँड बिघडलाय म्हणून टेबलावर घेतलं.

माणूस आडवा झाला की अंगाचा भार मणक्यावरून उतरतो आणि बाक थोडा सरळ होतो. उभं राहिलं की परत येतो. म्हणून हा कोन उभ्यानेच मोजायचा, दर वेळी. मी विचारलं, उभी असती तर तेव्हा किती भरले असते? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. कुणाला पाच जास्त भरतात, कुणाला दहा.

मग मी आकडेमोड केली, कारण मला तेवढंच येतं. सतरात पाच मिळवले तर बावीस, दहा मिळवले तर सत्तावीस. पंचवीसच्या पुढे, वाढीच्या वयात, पट्टा. तो पट्टा कदाचित तिला त्याच दिवाळीत लागला असता. आणि बावीसच असते, तरी सहा महिन्यांनी उभ्याने काढलेल्या फिल्मवर बाक वाढलेला दिसलाच असता, पाच अंशांपेक्षा जास्त. सहा महिन्यांनी. मी आईकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवी फिल्म खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावली, बहिणीचं कोनमापक घेतलं आणि स्वतः मोजायला बसले. एकदा अडतीस आले. एकदा चव्वेचाळीस. एकदा एक्केचाळीस. मणक्याच्या ज्या रेषेला मी कडा म्हणत होते ती प्रत्येक वेळी केसभर वेगळी होती. बहीण दाराशी येऊन म्हणाली, "ताई, तुला भूमितीत किती होते गं?" मी हसले नाही. तीच हसली थोडी.

पाच अंशांपर्यंतचा फरक मोजणाऱ्या हाताचा धरतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बेचाळीसचे पंचेचाळीस झाले तर बाक वाढला असं म्हणायचं नाही. फरक पाचच्या पुढे गेला तर म्हणायचं. आणि पन्नासच्या पुढे गेला तर वाढीचं वय संपलं तरी तो मोठेपणीही सरकत राहतो, म्हणून तिथे ऑपरेशनची गोष्ट निघते. आमच्या घरात आता हे दोनच आकडे होते. पाच आणि पन्नास.

पट्टा म्हणजे पट्टा नव्हे. कडक प्लास्टिकचं जाकीट, काखेपासून कमरेखालपर्यंत, अंगाचा साचा घेऊन बनवलेलं. दिवसातले अठरा तास. बाक सरळ करायला नाही, आहे तिथे धरून ठेवायला. डॉक्टरांनी लपवलं नाही, बेचाळीसला उशीर झालाय, धरेल अशी खात्री नाही, पण प्रयत्न करू म्हणाले. आईने आतून घालायला मऊ सुती बनियनं शिवली, काखेत शिवण न येईल अशी. बहिणीने ते जाकीट घातलं. खरंच घातलं, अठरा तास, चोरी न करता. शाळेत मुली पाठीवर टिचकी मारून आवाज ऐकायच्या. ती त्यांना मारू द्यायची. वर्गात पेन खाली पडलं तर वाकता यायचं नाही, म्हणून तिने पेनाला दोरी बांधली. वडिलांना पोरीकडे बघवायचं नाही, ते पाळीवरून आले की आधी टीव्ही लावायचे.

मार्चमध्ये पुन्हा फिल्म. आदल्या दिवशी जाकीट काढून ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे खरा बाक दिसेल. ती त्या दिवशी घरात फार हळू चालत होती, अंग मोकळं सोडायची भीती वाटावी तसं.

उभ्याने फिल्म काढली. मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, म्हणून तरुण डॉक्टरने संगणकावर मोजलं. सत्तेचाळीस. बेचाळीस आणि पाच. तो आमच्याकडे वळून म्हणाला की हे मोजण्याच्या फरकात बसतं, जाकीट काम करतंय असं दिसतंय, चार महिन्यांनी या. आईने डोळे मिटले. वडील त्या दिवशी सुट्टी काढून आले होते, ते उठून बाहेर गेले आणि चहा घेऊन आले, त्या डॉक्टरसाठीसुद्धा. पंधरा-वीस मिनिटं आम्ही सुखी होतो. मला ती मिनिटं आठवतात, कारण त्यानंतर तशी आलेली नाहीत.

मोठे डॉक्टर आले. दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. त्यांनी तरुण डॉक्टरला विचारलं, खालचा कुठला धरलास? त्याने अकरावा धरला होता. मागच्या वेळी बारावा होता. दोन फिल्मची तुलना करायची तर मणके तेच धरायचे, नाहीतर दोन वेगळ्या गोष्टींची वजाबाकी होते. शिवाय याही फिल्मवर जास्त कललेला बारावाच होता. त्यांनी बारावा धरून पुन्हा रेघ मारली, लंब काढले. एकदा मोजलं. मग तरुण डॉक्टरला मोजायला लावलं.

दोघांचेही एक्कावन्न आले.

तरुण डॉक्टरचा चेहरा उतरला. मला त्याच्यावर रागवायचं होतं, पण जमलं नाही. त्याची चूक वीस मिनिटांत सापडली, कारण शेजारी जुनी फिल्म होती आणि कुणीतरी विचारणारं होतं. माझ्या चुकीला विचारणारं कुणी नव्हतं.

आई खुर्चीच्या कडेवर पुढे सरकली. "साहेब, ते सत्तेचाळीसच धरा ना. त्यांनी पण मोजलंच की."

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "ताई, मी कागदावर सत्तेचाळीस लिहीन. पाठीत एक्कावन्नच राहतील."

ते रागाने म्हणाले नाहीत. त्यांनी पुढचं सावकाश सांगितलं. नऊ अंश म्हणजे फरक हाताचा नाही, बाकाचा आहे. जाकिटाने धरलं नाही. वाढ अजून वर्ष-दीड वर्ष उरली आहे. आता ऑपरेशन. स्क्रू, सळ्या, बाक आहे तेवढा भाग सरळ करून कायमचा जोडून टाकायचा. तो भाग पुन्हा वाकणार नाही. बहुतेक मुली काही महिन्यांत शाळेत जातात. धोके आहेत, कमी आहेत, पण आहेत, आणि त्यांनी तेही एकेक करून सांगितले. पाय लुळे पडण्याचा धोका सांगितला तेव्हा वडील उठले आणि पुन्हा बसले.

बहिणीने विचारलं की ती खाली वाकून बुटाची नाडी बांधू शकेल का. ते म्हणाले, बांधशील, गुडघ्यात आणि कमरेत वाकून. मग तिने विचारलं, "आम्ही वेळेवर आलो असतो तर?"

मी खाली बघत होते. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. कुणाचा जाकिटात थांबतो, कुणाचा नाही. वेळेवर घातलं तर थांबण्याची शक्यता जास्त, एवढं म्हणता येतं.

बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये मी तिला सांगितलं. उन्हाळ्यातला एक्स-रे मी थांबवला होता. ती म्हणाली, मला माहितीये, मी आतल्या खोलीतच होते. एवढं बोलून ती वडिलांच्या गाडीवर मागे बसली. ताठ बसली. जाकीट अंगात नव्हतं तरी.

ऑपरेशन परीक्षेनंतर ठरलं आहे. रक्ताच्या तपासण्या झाल्या. ती जाकीट आता घालत नाही, त्याचा उपयोग संपला. आई काही शिवत नाही. ऑपरेशननंतर अंग कसं होईल ते कळल्याशिवाय माप कशाचं घ्यायचं, म्हणते. मला घरात कुणी दोष देत नाही. दिला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

मी त्या पहिल्या सेंटरला पत्र दिलं. टेबलावर घेतलं हे कबूल आहे, स्टँड बिघडला होता, अहवालात लिहायचं राहिलं, असं तोंडी सांगितलं. लिहून दिलं नाही. मी त्यांचा पाठपुरावा सोडणार नाही. पण अनावश्यक तपासण्यांचं ते पत्रक आमच्या गटात मी मागे घ्यायला लावलं. त्यातली कमिशनची गोष्ट खोटी नाही, आजही म्हणते. पण वाढीच्या मुलीच्या मणक्याची सहा महिन्यांनी घेतलेली फिल्म अनावश्यक नसते, आणि हे न विचारता मी बोलले.

आता तुम्ही. हे वाचणाऱ्या तुमच्या घरात दहा ते पंधरा वर्षांची पोर असेल तर आज तिला पाठमोरी वाकवून बघा. एक बाजू वर दिसली तर डॉक्टरकडे न्या, आणि एक्स-रे लिहून दिला तर उभ्याने काढायला लावा. स्टँड बिघडलाय म्हणाले तर उठून दुसरीकडे जा. अहवालावर तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका: उभी होती का, कुठल्या मणक्यापासून कुठल्यापर्यंत मोजलं, किती अंश. पुढची तारीख मिळाली की ती कुणाच्याही सांगण्यावरून मोडू नका. घरातल्या शहाण्या माणसाच्या सांगण्यावरून तर अजिबात नाही.